बिल मागितल्याशिवाय येत नाही

स्पेनमध्ये हॉटेलात जेवायला बसलं की पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात येते. जेवण संपतं, ताटं उचलली जातात, कॉफी येते, कॉफीही संपते, पण बिल काही येत नाही. आपल्याकडे बडीशेपेच्या वाटीसोबतच बिल येतं आणि तोवर पुढचं कुटुंब खुर्चीच्या पाठीशी येऊन उभं राहिलेलं असतं. तिथे गिऱ्हाइकाने न मागता बिल नेऊन ठेवणं म्हणजे "आता उठा" असं तोंडावर सांगणं. बिल मागेपर्यंत टेबल तुमचं. या वेळेला स्पॅनिश भाषेत नाव आहे: सोब्रेमेसा.

सोब्रे म्हणजे वर, मेसा म्हणजे टेबल. जुन्या स्पॅनिशमध्ये टेबलावर अंथरायच्या कापडालाही हेच म्हणत आणि तो अर्थ स्पॅनिश अकादमीच्या कोशात अजून आहे. आपण ज्याला डेस्कटॉप म्हणतो तो संगणकही तिथे ‘सोब्रेमेसाचा’ असतो, आणि दुपारच्या जेवणानंतरच्या टीव्ही कार्यक्रमांनाही हाच शब्द लावतात. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये मात्र शब्द तोच असून अर्थ वेगळा. तिथे सोब्रेमेसा म्हणजे जेवणानंतरचं गोड. त्यामुळे गोव्यातल्या पोर्तुगीज जाणणाऱ्या माणसाला हा शब्द ऐकून बिबिंका आठवेल, गप्पा नाही. एका भाषेने शब्द पदार्थाला दिला, दुसरीने वेळेला.

मी व्हॅलेन्सियात चार वर्षं राहिले. आठवडाभर शिकत होते आणि शनिवार-रविवारी एका हॉटेलात वाढपी म्हणून काम करत होते. म्हणजे सोब्रेमेसा मी दोन्ही बाजूंनी पाहिली: खुर्चीत बसून आणि खुर्चीमागे उभं राहून. या प्रथेविषयी जे कौतुकाने लिहिलं जातं ते जवळजवळ सगळं खुर्चीत बसलेल्यांनी लिहिलेलं असतं. कौतुक खोटं नाही, मलाही आहे. पण स्पेनमध्ये गेली कित्येक वर्षं कामाच्या वेळांवर जो वाद चालू आहे, त्यात ही प्रथा ढालीसारखी पुढे केली जाते. वेळा बदलल्या तर आमचं टेबल जाईल, असं म्हणतात. माझं मत नेमकं उलटं आहे. टेबल टिकवायचं असेल तर वेळा बदलायलाच हव्यात.

आधी टेबल कसं असतं ते सांगते. सुट्टीच्या रविवारी मी घरमालकीणबाईंकडे जेवायला असे. व्हॅलेन्सियात रविवार म्हणजे पाएया. कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, मोठे पांढरे पावटे, केशर आणि शेवटी तांदूळ. तांदूळ पडला की वीस मिनिटांत खेळ संपतो आणि मग भात कोणासाठी थांबत नाही. म्हणून जेवणाची सुरुवात अगदी मिनिटावर ठरलेली असते. अडीच म्हणजे अडीच. उशिरा येणाऱ्याला दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात. शेवट मात्र कशानेच ठरत नाही.

भात संपायला पाऊण तास लागतो. तळाला करपून धरलेला थर चमच्याने खरवडण्यावरून थोडी भांडणं होतात. मग खरबूज किंवा संत्री, मग कॉफी. सणावारी कॉफीऐवजी क्रेमाएत: रममध्ये साखर, लिंबाची साल आणि कॉफीचे दोन-चार दाणे घालून ती पेटवायची, दारूचा जोर थोडा जळून गेला की वर कडक कॉफी ओतायची. पहिला अर्धा तास जेवणाबद्दलच बोलणं चालतं. मागच्या रविवारी मीठ कमी होतं, खरबूज या वर्षी पाणचट आहे. मग बातम्या, फुटबॉल, शेजारी. आजोबा खुर्चीतच पेंगतात. मुलं उठून जातात आणि परत येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत बसतात. टेबलावर पावाचा चुरा पडलेला असतो आणि प्रत्येकाचं बोट नकळत तो गोळा करत असतं.

खरं बोलणं सुरू होतं ते साडेचारनंतर. आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण नेणार, गावाकडचं घर विकायचं का, धाकट्याने नोकरी का सोडली. हे विषय कोणी जेवताना काढत नाही, आणि "मला तुझ्याशी बोलायचंय" असं म्हणून मुद्दामही काढत नाही. दोन तास निरर्थक बोलून झाल्यावर ते आपोआप येतात. म्हणून सोब्रेमेसेला लांबी लागते. वीस मिनिटांच्या सोब्रेमेसेत फक्त खरबुजाचं बोलून होतं.

मला आमच्या आजोळची आठवण यायची. तिथेही जेवण झाल्यावर मामा लोक ताटावर तसेच बसून बोलत राहायचे आणि आतून हाक यायची, "अरे, हात वाळले, उठा आता!" आपल्याकडे उष्टा हात माणसाला उठवतो. हात धुऊन गप्पा ओट्यावर किंवा झोपाळ्यावर जातात. आणि आतून हाक मारणारी जी असते, तिची पंगत अजून बसायची असते. या शेवटच्या गोष्टीकडे मी परत येणार आहे.

आता घड्याळ. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन ते साडेतीनच्या मध्ये आणि रात्रीचं नऊ-दहाला. परदेशी माणसाला हा आळस वाटतो, पण त्यातला बराचसा भाग घड्याळाच्या चुकीचा आहे. माद्रिद ग्रीनिचच्या पश्चिमेला साधारण पावणेचार अंशांवर आहे, म्हणजे लंडनच्याही पश्चिमेला. पण मार्च १९४० मध्ये फ्रँकोच्या सरकारने देशाचं घड्याळ एक तास पुढे ढकललं आणि ते पुन्हा मागे आलंच नाही. आज स्पेन पोलंडच्या वेळेने चालतो. म्हणून माद्रिदला हिवाळ्यात सूर्य डोक्यावर येतो सव्वा एकच्या सुमारास आणि उन्हाळ्यात, घड्याळ आणखी एक तास पुढे असताना, सव्वा दोनला. जुलैत अडीचला जेवणारा माणूस सूर्याच्या हिशेबाने ऐन मध्यान्हीच जेवत असतो. पोट सूर्याचं ऐकतं, कचेरी घड्याळाचं.

या दोघांत समेट घालायला स्पेनने जी व्यवस्था स्वीकारली तिला ‘तुटलेला दिवस’ म्हणतात. सकाळी नऊ ते दोन काम, मग दोन-अडीच तास सुट्टी, मग साडेचार ते साडेसात-आठ पुन्हा काम. गाव लहान असताना हे चालून जायचं. माणूस दोनला घरी येई, जेवे, बोले, जमलं तर डोळा मिटे आणि परत जाई. आता घरमालकीणबाईंच्या मुलीचा दिवस बघा. ती एका वास्तुविशारदाच्या कचेरीत. घर ते कचेरी पन्नास मिनिटं. दोनला सुटून घरी यायचं तर जेवायला जेमतेम पाऊण तास, तेवढ्यासाठी दुप्पट भाडं आणि दमणूक. म्हणून ती घरी येतच नाही. डबा नेते, कचेरीतच गरम करून वीस मिनिटांत खाते, उरलेले दोन तास फोन बघण्यात किंवा दुकानं हिंडण्यात घालवते. साडेसातला सुटून सव्वाआठ-साडेआठला घरी. साडेनऊला रात्रीचं जेवण, बाराला झोप. सोमवार ते शुक्रवार तिच्या आयुष्यात सोब्रेमेसा नाही. मधली सुट्टी मात्र अडीच तासांची आहे, आणि ती नेमकी सोब्रेमेसेच्या नावावर राखलेली आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये तिची कचेरी, तिथल्या अनेक कचेऱ्यांसारखीच, सलग वेळेवर जाते. आठ ते तीन. ती चारच्या आत घरी. आई तिच्यासाठी थांबलेली असते, चारला जेवतात आणि सहापर्यंत बसतात. बुधवारी! सरकारी कचेऱ्यांतल्या पुष्कळ लोकांना अशीच वेळ वर्षभर असते. मला या वादात याहून मोठा पुरावा लागत नाही. तुटलेल्या दिवसाने सोब्रेमेसेसाठी जागा ठेवली आणि माणसं घालवली. सलग दिवसाने मधली जागा काढून टाकली आणि माणसं टेबलाशी परत आणून बसवली.

राजकारणात हे वारंवार येतं. २०१३ मध्ये तिथल्या संसदेच्या एका उपसमितीने वेळा सुधारण्याचा अहवाल दिला आणि ग्रीनिचच्या वेळेवर परतण्याचा विचार करावा असं सुचवलं. डिसेंबर २०१६ मध्ये उजव्या सरकारच्या कामगारमंत्री फातिमा बान्येस यांनी कामाचा दिवस सहाला संपावा असं मांडलं. मार्च २०२४ मध्ये डाव्या कामगारमंत्री योलांदा दियास म्हणाल्या की रात्री एक वाजता हॉटेलं उघडी असणं शहाणपणाचं नाही, आणि देशभर गदारोळ झाला. हॉटेलवाले म्हणाले की आमच्या पोटावर पाय. विरोधक म्हणाले की हा आमच्या जगण्याच्या पद्धतीवर हल्ला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आठवड्याचे कामाचे तास चाळीसवरून साडेसदतीसवर आणणारं विधेयक संसदेने चर्चेला घेण्याआधीच परत पाठवलं. दर वेळी ‘आमची जगण्याची पद्धत’ या शब्दांत जेवणाचं टेबल असतंच.

सुधारणावाद्यांच्या बाजूचीही एक गोष्ट मला खटकते. नऊ ते सहा आणि मध्ये अर्धा तास, हा त्यांचा लाडका नमुना. त्यात आठवड्याच्या दिवसांची दुपारची सोब्रेमेसा पार संपते हे ते मोकळेपणाने सांगत नाहीत. सांगायला हवं. सहाला सुटलेल्या माणसाला आठला जेवून दहापर्यंत टेबलाशी बसता येईल, हे खरं. पण रात्रीचं बसणं दुपारच्या बसण्यासारखं नसतं. उजेड नसतो, मुलं झोपायला हवी असतात, आजोबा नऊलाच खोलीत गेलेले असतात. म्हणून मला आठ ते तीन जवळचं वाटतं. प्रत्येक कामाला ते जमणार नाही. दुकानाला नाही, दवाखान्याला नाही. जिथे जमतं तिथे फक्त उन्हाळ्यापुरतं का ठेवायचं, एवढंच माझं विचारणं आहे.

आता खुर्चीमागची बाजू. मी काम करायची त्या हॉटेलाचं स्वयंपाकघर दुपारी चारला बंद व्हायचं. आम्ही बाराला यायचो, साडेबाराला आमचं जेवण, दीडपासून पहिली टेबलं. माझी दुपारची पाळी कागदावर साडेचारला संपायची आणि संध्याकाळची आठला सुरू व्हायची, म्हणजे वाढप्याचा दिवससुद्धा तुटलेलाच. एका शनिवारी सात जणांचं एक कुटुंब आलं. वडलांची सत्तरी होती. त्यांचं जेवण तीन-चाळीसला संपलं आणि ते उठले सहा-वीसला. त्यांनी काहीही चूक केली नाही. हसत होते, मध्येच एक बहीण रडली, सगळ्यांनी तिचे हात धरले. अडीच तासांत सात कॉफ्या आणि तीन पेले गोड मद्य, सगळं मिळून पंचवीस युरोंच्या आत. आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या होतो. माझं घर चाळीस मिनिटांवर. साडेसातला टेबलं मांडायला परत यायचं म्हणजे जाऊन येण्यात अर्थ नव्हता. त्या दिवशी मी दुपारी बारा ते रात्री साडेबारा तिथेच होते.

अशा वेळी वाढप्याकडे खुणा असतात. शेजारच्या खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवायच्या, झाडू काढायचा, आतला एक दिवा मालवायचा. अगदीच झालं तर जाऊन हळूच म्हणायचं, "पैसे घेऊन ठेवू का, माझी पाळी संपतेय." बहुतेक माणसं समजतात. पण आम्हाला ताकीद होती की वाढदिवसाच्या टेबलाला असं म्हणायचं नाही.

मला राग त्या कुटुंबाचा आला नाही, कागदाचा आला. स्पेनमध्ये मे २०१९ पासून प्रत्येक मालकाने प्रत्येक कामगाराची रोजची येण्याची आणि जाण्याची वेळ नोंदवलीच पाहिजे असा कायदा आहे. आमच्याकडेही तक्ता होता. त्यावर महिनाभराच्या सगळ्या रकान्यांत ‘साडेचार’ आधीच लिहिलेलं असे आणि महिनाअखेरीस आम्ही एका दमात सगळ्या सह्या करायचो. अशी लबाडी ओळखायला फार अक्कल लागत नाही. खरा तक्ता ओबडधोबड असतो: चार-दहा, पाच-पस्तीस, सहा-वीस. ज्या तक्त्यावर रोज एकच वेळ आणि एकाच शाईच्या सह्या, तो खोटा. आणखी एक मोजमाप आहे. कायद्याने एका दिवसाचं काम संपणं आणि दुसऱ्या दिवसाचं सुरू होणं यांत बारा तास हवेत. साडेबाराला सुटलेली मुलगी दुसऱ्या दिवशी बाराला हजर असेल तर अर्धा तास कुणीतरी चोरलेला आहे. म्हणजे त्या शनिवारची सोब्रेमेसा अर्धी कुटुंबाने साजरी केली आणि अर्धी आम्ही फुकट पुरवली. ज्याला देशाची जगण्याची पद्धत म्हणतात ती अशा ठिकाणी दुसऱ्याच्या न मोजलेल्या तासांवर उभी असते.

हल्ली गर्दीच्या शहरांत हॉटेलं टेबल पाळीने देतात. दीडची पाळी, साडेतीनची पाळी. लोक त्यावर चिडतात, हे लूट आहे म्हणतात. मला त्यात लूट दिसत नाही, अट फोनवर टेबल राखतानाच सांगितली असेल तर. जागेचं भाडं आहे, माणसाचा पगार आहे. पंचवीस युरोंत अडीच तास दोन माणसं उभी राहू शकत नाहीत, आणि राहत असतील तर पैसे कुठून तरी कापले जात आहेत. ज्या मालकाला टेबल मोकळं ठेवायचं आहे त्याने दुपारची आणि रात्रीची माणसं वेगळी नेमावीत आणि दुपारवाल्यांना सहापर्यंतचा पगार द्यावा. जेवण महाग होईल. होऊ दे. सत्तरी रोज येत नाही.

घरातला हिशेब याहून अवघड, कारण तिथे तक्ताच नसतो. व्हॅलेन्सियात रविवारची पाएया बहुधा पुरुष करतात. घरमालकही करायचे. विस्तव सांभाळायचे, पाणी मोजायचे आणि भात टेबलावर आला की सगळे टाळ्या वाजवायचे. ससा आणून ठेवणं, शेंगा निवडणं, टेबल मांडणं, सॅलड, फळं कापणं, कॉफी आणि नंतर ती अवाढव्य कढई घासणं बाईंकडे. साडेचारला, नेमकं खरं बोलणं सुरू व्हायचं तेव्हा, त्या स्वयंपाकघरात असायच्या. पाणी वाहत असायचं. मध्येच दाराशी येऊन विचारायच्या, "काय म्हणाला तो?" आणि कोणी तरी त्यांना थोडक्यात सांगायचं. गावाकडचं घर विकायचं ठरलं ते त्यांना असं थोडक्यात कळलं. घर त्यांच्या वडलांचं होतं.

स्पेनच्या सांख्यिकी संस्थेने २००९-१० मध्ये लोकांच्या दिवसाची पाहणी केली तेव्हा घरकामात आणि घरच्यांच्या देखभालीत बायकांचे रोज पुरुषांपेक्षा सुमारे दोन तास जास्त जातात असं निघालं होतं. दोन तास म्हणजे बरोबर एका रविवारच्या सोब्रेमेसेएवढा वेळ.

आतून हाक मारणारी माझी मामी आणि दाराशी उभ्या राहणाऱ्या घरमालकीणबाई, दोघींना मी एकाच जागी पाहते. फरक एवढाच की तिकडे बाई जेवायला सगळ्यांबरोबर बसते आणि बोलण्याच्या वेळी उठते, आमच्याकडे ती जेवायलाच नंतर बसायची. म्हणून "आमच्याकडेही अशी प्रथा हवी" असं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, कढई कोण घासणार.

भांडी थांबू शकतात, हे मी तिथेच पाहिलं. चौथ्या वर्षी बाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि सहा आठवडे त्यांना उभं राहता येईना. पहिल्या रविवारी जेवणानंतर कढई तशीच राहिली. तळाला धरलेला भात वाळून कडक झाला, त्यात पाणी ओतून ती अंगणात ठेवून दिली. बाई खुर्चीत, पाय स्टुलावर. क्रेमाएत धाकट्याने केली, दारू जरा जास्तच जाळली. साडेचार झाले, पाच झाले. गावाकडच्या घराचा विषय पुन्हा निघाला, कारण गिऱ्हाईक मिळालं होतं. बाईंनी पेल्यातल्या लिंबाच्या सालीशी खेळत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की घर विकायचं नाही. मग त्या पाऊण तास बोलल्या. वडील, अंजिराचं झाड, विहीर. मुलांनी यातलं निम्मं कधी ऐकलेलं नव्हतं. कढई सातला मुलगा आणि जावई यांनी घासली.